सरावाच्या उताऱ्यात ‘सगळी क्रियापदं एकाच काळात आणि एकाच प्रयोगात’ हे उत्तर तुम्हाला पटतं का?

खडूफळा
मी शिकवणी घेते. मुलांमध्ये नववी-दहावीची आहेत आणि भाषांतरकार-मुद्रितशोधक पदांच्या परीक्षा देणारी दोनतीन मोठी मुलंही आहेत. त्यांतल्या एकाने दुसऱ्या क्लासमधला सरावाचा कागद आणला. त्यात एक उतारा आहे, अधोरेखित जागी तीन-तीन पर्याय आहेत आणि योग्य तो निवडून ‘काळ व प्रयोग यांत सातत्य’ आणायचं आहे. इथे अधोरेखा काढता येत नाही, म्हणून कंसात लिहिते.

> १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी तेथे वाळूची पोती (१: रचली / रचली होती / रचत होते). पाण्याचा लोंढा खडकवासल्याच्या जुन्या धरणापर्यंत (२: येतो / आला / आलेला आहे) आणि तेही फुटले. दुपारपर्यंत पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी (३: शिरले / शिरत असे / शिरवले गेले). लोकांना उंच भागात (४: हलवले / हलवण्यात आले / हलवले जाते). पूर ओसरल्यावर रहिवाशांनी घरांमधला चिखल (५: काढला / काढला गेला / काढत होते) आणि पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती (६: उभारल्या / उभारण्यात आल्या / उभारण्यात आले). त्या वसाहतींमध्ये काही पूरग्रस्त कुटुंबे आजही (७: राहिली / राहत होती / राहतात).

कागदाच्या मागे उत्तरं अशी: रचली, आला, शिरले, हलवले, काढला, उभारल्या, राहिली. खाली एक ओळ: ‘सर्व क्रियापदे साध्या भूतकाळात व एकाच प्रयोगात हवीत.’

दुसरं, तिसरं, पाचवं ठीक आहे. सातवं मला सरळ चूक वाटतं. सहावं वाचून काहीतरी खटकतं, पण मुलाला कारण सांगता आलं नाही. पहिल्या आणि चौथ्याबद्दल ठाम मत नाही. मंडळी, काय म्हणता?

तयारी_चालू
ताई, पहिलं आणि सातवं सोडलं तर बाकी बरोबर आहे. नियम सोपा आहे: पहिलं वाक्य बघायचं. ‘फुटले’ म्हणजे साधा भूतकाळ, कर्तरी. मग शेवटपर्यंत तेच ठेवायचं. मी इंग्रजीचे असे शंभर उतारे सोडवलेत, हाच नियम चालतो. ‘उभारण्यात आल्या’ घेतलंत की प्रयोग बदलला, मार्क गेला.

आणि पहिल्यात ‘रचली होती’ सक्तीचं आहे. आधी घडलेल्या गोष्टीला ‘होती’ लागतंच.

नदीकाठ
पानशेतचं नाव वाचून थांबलो. आमचं घर तेव्हा पुण्यात शनिवार पेठेत होतं. लकडी पुलावरून पाणी गेलं, हे आईने सांगितलेलं कितीदा ऐकलंय. त्या जवानांनी पोती रचून धरण काही तास तगवलं, म्हणून ते रात्री न फुटता उजाडल्यावर फुटलं आणि लोकांना पळायला तरी मिळालं. उताऱ्यात हे यायला हवं होतं. ‘लोकांना हलवले’ हेही पूर्ण खरं नाही, बरेचसे लोक आपले आपणच पळाले. कागद करणाऱ्याला कळवा.

खडूफळा
काका, माहिती मोलाची आहे, पण प्रश्न क्रियापदांचा आहे.

जुना_मुद्रितशोधक
वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं, म्हणून राहवत नाही.

तयारी_चालू, तुम्ही म्हणता तसं ‘पहिलं वाक्य कर्तरी, मग शेवटपर्यंत कर्तरी’ मराठीत करून बघा. उत्तरपत्रिकेतली त्यांचीच उत्तरं घ्या. ‘लोंढा आला’, ‘पाणी शिरले’ हे कर्तरी. ‘जवानांनी पोती रचली’ हा कर्मणी, कारण क्रियापद जवानांकडे न बघता पोत्यांकडे बघतंय. एकच पोतं असतं तर ‘रचले’ झालं असतं, जवान कितीही असोत. ‘लोकांना हलवले’ हा भावे. म्हणजे ‘एकाच प्रयोगात’ म्हणणाऱ्या उत्तरपत्रिकेत तिन्ही प्रयोग हजर आहेत, आणि त्याला इलाज नाही. आपल्याकडे सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की बहुतेक वेळा कर्त्याला ‘ने-नी’ लागतो आणि प्रयोग आपोआप बदलतो. ‘जवान पोती रचतात’, ‘जवान पोती रचत होते’, पण ‘जवानांनी पोती रचली’. काळ बदलला की कर्त्याचं रूपसुद्धा बदलतं.

म्हणून अशा उताऱ्यात सातत्य प्रयोगाचं शोधायचं नसतं. काम करणारा कोण, हे वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्यात नीट कळतंय का, एवढं बघायचं. सहावा प्रश्न तिथेच अडकतो. उत्तरपत्रिकेप्रमाणे वाक्य सलग वाचा:

‘पूर ओसरल्यावर रहिवाशांनी घरांमधला चिखल काढला आणि पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभारल्या.’

वसाहती कोणी उभारल्या? रहिवाशांनी! ज्यांची घरं वाहून गेली त्यांनी चिखल काढला आणि लगेच लोकमान्यनगर, गोखलेनगर बांधून टाकलं. ‘आणि’च्या पलीकडे नवा कर्ता दिलेला नाही, त्यामुळे अलीकडचा ‘रहिवाशांनी’ दोन्ही क्रियापदांना लागतो. व्याकरणात वाक्य निर्दोष आहे, अर्थात खोटं आहे. ‘उभारण्यात आल्या’ म्हटलं की ‘रहिवाशांनी’चा धागा तिथे तुटतो, कारण त्या रूपाबरोबर ‘नी’चा कर्ता बसतच नाही. ताईंना खटकत होतं ते बहुधा हेच.

तिसरा पर्याय ‘उभारण्यात आले’ तर आणखी लबाड आहे. रचना योग्य, पण वसाहती स्त्रीलिंगी अनेकवचनी असल्याने ‘आल्या’च हवं. घाईत हात तिथे जातो.

खडूफळा
अगदी हेच! ‘रहिवाशांनी’ पुढे ओढला जातोय हे लक्षात आलं नव्हतं, नुसतं खटकत होतं. मग पाचव्यात ‘काढला गेला’ का चालत नाही हेही याच कारणाने ना? मुलांना सांगताना मी ‘कानाला बरं वाटत नाही’ म्हणून सोडून दिलं होतं.

जुना_मुद्रितशोधक
त्याच कारणाने. अधोरेखेच्या बाहेर ‘रहिवाशांनी’ आधीच छापलेलं आहे, ते तुम्हाला बदलता येत नाही. ‘रहिवाशांनी चिखल काढला गेला’ होत नाही. ‘रहिवाशांकडून’ असतं तर झालं असतं. ‘रहिवाशांनी चिखल काढत होते’ हे तर नाहीच नाही. पहिल्या प्रश्नातला ‘रचत होते’ही असाच आपोआप बाद होतो. म्हणजे एकूण एकवीस पर्यायांतले तीन काळाचा विचार न करताच गळतात, फक्त अधोरेखेच्या डावीकडचा प्रत्यय बघून.

मी कामाला लागलो तेव्हा एका ज्येष्ठांनी एक सवय लावली. शंका असलेल्या ओळीतला प्रत्येक ‘ने-नी’ पेन्सिलीने गोल करायचा आणि तिथून त्याच्या क्रियापदापर्यंत बाण ओढायचा. एका गोलातून दोन बाण निघाले, तर मधल्या ‘आणि’पाशी थांबून विचारायचं, दुसरं कामही यानेच केलं का. मुलांना हे करायला लावा, सहावा प्रश्न आपोआप सुटेल.

तयारी_चालू
काका, पण पेपरात वेळ किती असतो? बाण कोण काढणार? आणि ‘ने’ प्रत्येक वेळी कर्त्यालाच लागतो असं कुठे आहे? ‘पुराने घरे पडली’. इथे बाण काढला तर ‘पुराने… पडली’ म्हणजे पूर कर्ता. कसं?

जुना_मुद्रितशोधक
हा प्रश्न छान आहे. ‘पडणे’ अकर्मक आहे. पडली ती घरंच, पूर हे कारण. ‘पावसाने धरण भरले’, ‘पाण्याने भिंती भिजल्या’ तशातलंच. बाण काढल्यावर क्रियापदाला ‘कोणी?’ विचारायचं. ‘कोणी पडली?’ हा प्रश्नच होत नाही, म्हणजे तो गोल पुसायचा. वेळेचं म्हणाल, तर सवय झाल्यावर बाण डोळ्यांनीच निघतात.

बेळगावचा_कुंदा
आमच्याकडची गंमत सांगतो. बोलताना आम्ही ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणतो. सोलापूर, कोल्हापूरकडेही ऐकलंय. काकांचा नियम आमच्या तोंडात बसतच नाही, कारण आमचं क्रियापद कामाकडे किंवा भाकरीकडे न बघता ‘मी’कडे बघतं. शाळेत निबंधात लाल शाई पडायची. असल्या उताऱ्यात ‘मी’ असेल तर मला अजूनही कळत नाही कुठे बघायचं, कारण ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. पुढे ‘चिखल काढलो’ आणि ‘चिखल काढला’ दोन्ही असतील तर मी आधी पहिल्याकडेच जातो.

जुना_मुद्रितशोधक
कुंदा, तुमच्याकडची बोली बोलीच्या जागी बरोबर आहे, लाल शाई तिच्यावर नको होती. प्रमाण लेखनात मात्र ‘मी, आम्ही, तू, तुम्ही’ यांना भूतकाळातही ‘ने’ दिसत नाही, म्हणून तिथे डावीकडचा पुरावा नाहीसा होतो. ‘मी चिखल काढला’, ‘आम्ही पोती रचली’. अशा वेळी क्रियापदाकडून मागे यायचं. ते कशाच्या लिंग-वचनाला जुळतंय ते शोधायचं. चिखल पुल्लिंगी म्हणून ‘काढला’. बोलणारी बाई असली तरी ‘काढली’ होणार नाही. असा पर्याय परीक्षेत हमखास टाकतात.

साऊ
मध्येच घुसते. मग ‘मी पाणी प्यायले’ का म्हणतो आपण? मी बाई, पाणी नपुंसकलिंगी. ‘प्यायले’ कोणाला जुळलं?

जुना_मुद्रितशोधक
तुम्हाला. भावाला विचारा, तो ‘मी पाणी प्यायलो’ म्हणेल. पिणे, शिकणे, विसरणे, समजणे, जेवणे यांतली क्रियापदं कर्म घेऊनही भूतकाळात कर्तरीच राहतात. ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’. म्हणून उताऱ्यात पुढे ‘पुणेकर तो दिवस (विसरले / विसरला) नाहीत’ असं असतं, तर ‘विसरले’. ‘पुणेकरांनी तो दिवस विसरला नाही’ असं छापून आलेलं मी पाहिलंय, आणि दर वेळी पेन्सिल शिवशिवते. वर मी ‘बहुतेक वेळा’ म्हटलं ते यांच्यासाठीच. यादी लांब नाही, पण अनुमानाने सापडत नाही. वापरून वापरूनच लक्षात राहते.

टाचण
मी सोसायटीची सचिव आहे, इतिवृत्त लिहिते. आमच्याकडे सगळंच ‘ण्यात आले’. ‘ठराव मांडण्यात आला, चर्चा करण्यात आली, ठराव मंजूर करण्यात आला, चहापान करण्यात आले.’ एकाही वाक्यात माणूस नाही. ताई, तुमच्या चौथ्या प्रश्नात ‘हलवण्यात आले’ वाचून मला माझंच इतिवृत्त आठवलं. मला वाटतं ‘हलवले’ जास्त जिवंत आहे. उगाच सरकारी कशाला?

तयारी_चालू
टाचण ताईंशी सहमत. ‘हलवले’च. आणि चौथ्यात ‘हलवण्यात आले’ घेतलं तर सहाव्यातही घ्यावं लागतं, पाचव्यात मात्र नाही, मग सातत्य कुठे राहिलं?

जुना_मुद्रितशोधक
चौथ्याला मी अडून बसणार नाही. ‘लोकांना उंच भागात हलवले’ असं बातम्यांत रोज असतं आणि वाचणाऱ्याला कळतं. माझी अडचण एवढीच की त्याच्या अलीकडच्या वाक्याचा कर्ता ‘पाणी’ आहे, आणि त्याही आधी ‘जवानांनी’ येऊन गेलंय. ‘हलवले’ म्हटलं की अर्धे वाचक ते जवानांच्या खात्यावर टाकतील. लिहिणाऱ्याला ते म्हणायचं असेल तर उत्तम. नसेल, किंवा माहीत नसेल, तर ‘हलवण्यात आले’ प्रामाणिक. टाचण ताईंच्या इतिवृत्ताचा दोष वेगळा आहे. तिथे कोण करतंय ते माहीत असूनही लपतं. ठराव कोणी मांडला हे इतिवृत्तात यायलाच हवं. ‘श्रीमती अमुक यांनी ठराव मांडला, तो मंजूर करण्यात आला’ असं लिहून बघा. पहिल्यात माणूस, दुसऱ्यात सभा. एका वाक्यात दोन प्रयोग, आणि कोणाला खटकणार नाही.

‘हलवले जाते’ मात्र जातं. एकाच पुराची गोष्ट चालू असताना ते रूप प्रत्येक पुराचं सांगू लागतं. ‘शिरत असे’चंही तेच. ‘पूर्वी दर पावसाळ्यात पाणी शिरत असे’ हे वाक्य छान आहे, पण ते त्या दिवसाचं नाही.

टाचण
हे पुढच्या इतिवृत्तात करून बघते. अध्यक्षांना आवडेल की नाही देव जाणे, त्यांना नावं आलेली आवडत नाहीत. 😄

खडूफळा
आता पहिला. तयारी_चालू म्हणतात ‘रचली होती’ सक्तीचं, उत्तरपत्रिका म्हणते ‘रचली’. आश्चर्य म्हणजे सातवं सोडलं तर बाकी सगळीकडे ते उत्तरपत्रिकेच्या बाजूने आहेत.

तयारी_चालू
कारण तिथे उत्तरपत्रिका चुकलीय. धरण फुटलं सकाळी, पोती रात्री. आधीची घटना म्हणजे पूर्ण भूतकाळ. याला पर्यायच नाही.

जुना_मुद्रितशोधक
इतकं सक्तीचं नाही. ‘आदल्या रात्री’ हे शब्द काळाचं काम करून चुकलेत. ‘सकाळी धरण फुटले. आदल्या रात्री जवानांनी पोती रचली’ यात कोणाचाही क्रमाचा गोंधळ होत नाही. ‘आदल्या रात्री’ काढून टाका, मग ‘रचली होती’शिवाय गत्यंतर नाही. नाहीतर धरण फुटल्यावर पोती रचली असं होईल.

तरी मी स्वतः ‘रचली होती’च निवडेन, पण कारण वेगळं. आपलं ‘होती’ फक्त आधीपणा सांगत नाही. ‘मामा आला’ म्हटलं तर मामा घरात बसलाय. ‘मामा आला होता’ म्हटलं तर येऊन गेला. ‘काल बाजारात गेले होते’ म्हणणारी बाई परत आलेली असते. ‘होता-होती’ लागलं की त्या कृतीचा परिणाम आता शिल्लक नाही, असा एक सूर येतो. ‘जवानांनी पोती रचली होती’ यात ती टिकली नाहीत, हे न सांगता येतं. नदीकाठ साहेबांनी सांगितलेली हकिगत त्या एका ‘होती’मध्ये अर्धी बसते. परीक्षेत मात्र दोन्ही बरोबर धरायला हवेत, किंवा प्रश्नातून ‘आदल्या रात्री’ काढायला हवं.

नदीकाठ
हे आवडलं. पोती टिकली नाहीत, हे खरंच.

तयारी_चालू
पण मग पेपरात दोनांपैकी एक कसा निवडायचा? तिथे सूर विचारत नाहीत.

जुना_मुद्रितशोधक
दोन घटना, मागची नंतर सांगितलेली, आणि पर्यायात ‘होती’ असेल, तर ‘होती’ घ्या. तुमचं उत्तर बरोबरच आहे, फक्त ‘पर्यायच नाही’ हे नाही.

साऊ
आणि दुसऱ्यात ‘येतो’ का नको? माझ्या इतिहासाच्या बाई कायम वर्तमानकाळात सांगायच्या. ‘महाराज आग्र्याला जातात, दरबारात अपमान होतो, नजरकैदेत ठेवलं जातं आणि मग ते निसटतात.’ अंगावर काटा यायचा.

तयारी_चालू
इतिहास वर्तमानकाळात लिहिणं चूकच आहे. झालेली गोष्ट भूतकाळातच.

जुना_मुद्रितशोधक
चूक नाही. जुनी रीत आहे, आणि सांगायला फार जोरकस. फक्त एकदा त्यात शिरलात की सगळ्या कथनाने त्यात शिरायला हवं. ‘लोंढा येतो आणि तेही फुटले’ हे एकाच वाक्यात दोन ठिकाणी उभं राहणं झालं. ‘फुटले’ अधोरेखेच्या बाहेर आहे, ते बदलता येत नाही, म्हणून ‘आला’. ‘आलेला आहे’ असं कोणी म्हटलं तर तो लोंढा अजून तिथे थांबलाय असं वाटतं.

सगळा उताराच वर्तमानात नेला तर काय होतं ते गमतीखातर लिहितो:

> १२ जुलै १९६१ ची सकाळ. पानशेतचे धरण फुटते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचलेली असतात. लोंढा खडकवासल्याच्या जुन्या धरणापर्यंत येतो आणि तेही फुटते. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरते. लोकांना उंच भागात हलवले जाते. पूर ओसरल्यावर रहिवासी घरांमधला चिखल काढतात आणि पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभारल्या जातात. त्या वसाहतींमध्ये काही पूरग्रस्त कुटुंबे आजही राहतात.

‘रहिवाशांनी’चं ‘रहिवासी’ झालं बघा, कोणी न सांगता. ‘रचली होती’चं ‘रचलेली असतात’ झालं, आणि जवानांचा ‘नी’ राहिला, कारण ते काम त्या क्षणी पूर्ण झालेलं आहे. मघाशी बाद केलेलं ‘हलवले जाते’ इथे बरोबर ठरलं. रूप तेच, शेजार बदलला. आणि शेवटच्या वाक्यात गंमत आहे. कथेचा वर्तमान आणि आपला खरा वर्तमान एकाच रूपात आले. वेगळं ठेवणारा शब्द एकच उरला, ‘आजही’.

खडूफळा
हा उतारा उद्याच फळ्यावर. दोन्ही शेजारी लिहून मुलांना फरक शोधायला लावते.

सातव्याबद्दल कोणाचं दुमत नाही ना? ‘आजही राहिली’ हे उत्तर देताना त्यांनी वाक्य मोठ्याने वाचलंच नसावं.

बेळगावचा_कुंदा
वाचलं असेल, पण खाली आधीच नियम लिहून बसले होते ना. ‘सगळं भूतकाळात’ म्हटल्यावर ‘राहिली’ शिवाय काय घेणार?

साऊ
‘राहत होती’ घेतलं तर? ‘कालपर्यंत राहत होती’ असं?

जुना_मुद्रितशोधक
‘आजही’च्या जागी ‘कालपर्यंत’ असतं तर चाललं असतं. ‘आजही’ आहे तोवर ‘राहतात’. काळ बदलायला बंदी नाही. बदलतोय हे सांगणारा शब्द वाक्यात हवा, एवढंच.

तयारी_चालू
ठीक आहे, सातवं मला आधीपासून मान्य होतं. सहाव्याचं म्हणाल तर मी अजूनही म्हणतो, परीक्षेत ‘उभारल्या’ला मार्क देतील. उत्तरपत्रिका छापणारे तेच आणि तपासणारेही तेच.

टाचण
तो वेगळा प्रश्न आहे रे. हरकत नोंदवायची सोय असते, नोंदव.

खडूफळा
मी त्या क्लासला कळवणार आहे, नाव न घेता इथली कारणं देऊन. एक शंका उरलीच. माझ्या एका मुलाने सहाव्यात पर्यायांबाहेरचं ‘उभारल्या गेल्या’ लिहिलंय. मी त्याला बरोबर दिलं. योग्य केलं ना?

जुना_मुद्रितशोधक
मी दिलं असतं. लिंग-वचन जुळतंय, रहिवाशांशी नातं तुटतंय. तरी लिहिताना मी ‘उभारण्यात आल्या’च ठेवतो. ‘गेल्या’ मला अपघातात आणि लढाईत जास्त शोभतं: मारले गेले, चिरडल्या गेल्या, पकडला गेला. कोणी ठरवून, योजना करून केलेल्या कामाला ‘ण्यात आले’.

साऊ
मला उलट वाटतं. ‘ण्यात आल्या’ म्हटलं की फायलीचा वास येतो. ‘उभारल्या गेल्या’ माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं. आणि ‘पुस्तक लिहिलं गेलं’, ‘गाणं गायलं गेलं’ हे काय अपघात आहेत?

जुना_मुद्रितशोधक
‘गाणं गायलं गेलं’ हे माझ्या मुद्रितात आलं असतं तर मी ‘गाणे म्हटले’ करून गायकाचं नाव मागितलं असतं.

साऊ
आणि गायक माहीत नसेल तर?

टाचण
तर ‘गायन करण्यात आले’. आमच्या स्नेहसंमेलनाच्या अहवालात आहे तसं. 😄

नदीकाठ
तुमचं चालू द्या. मला फक्त एवढं सांगायचं आहे की ‘सरकारने वसाहती उभारल्या’ असं लिहिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. कर्ता माहीत आहे, तो लिहा की.

जुना_मुद्रितशोधक
साहेब, मूळ उतारा माझ्याकडे आला असता तर पेन्सिलीने नेमकं तेच केलं असतं. पण ताईंच्या मुलांना अधोरेखेबाहेर लिहायला परवानगी नाही.